पहिला आकडा कोण लिहितो?

टोकियोत नोकरीला लागलो त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑफिसच्या एचआरनं माझ्यापुढे दोन-तीन फॉर्म ठेवले. घरात अवलंबून असलेली माणसं कोण, विमा किती भरता, एवढंच त्यात विचारलेलं होतं. ते भरून दिले आणि विसरून गेलो. डिसेंबरच्या पगारात थोडे पैसे जास्त आले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नेनमात्सु चोसेइ." म्हणजे वर्षअखेरचा ताळमेळ. तुझा वर्षाचा आयकर कंपनीनं मोजला, बारा महिने कापला होता त्यातून वजा केला आणि उरलेला परत दिला. आता तुझं सरकारशी काही देणंघेणं नाही.

हे फोनवर बाबांना सांगितलं. सांगलीला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तू स्वतः काहीच लिहून दिलं नाहीस? मग हिशोब बरोबर आहे हे तुला कसं कळलं?"

मला ते कळलेलं नव्हतं. बाबांच्या प्रश्नाला इतिहास आहे. आजोबांच्या काळात ते दर वर्षी कापडात बांधलेल्या चोपड्या घेऊन 'असेसमेंटला' जायचे. साहेब चोपड्या चाळणार, प्रश्न विचारणार आणि उत्पन्नाचा आकडा ठरवणार. आज बाबा स्वतः आकडा लिहितात, स्वतः कर काढून भरतात आणि काही आठवड्यांनी 'तुमचं विवरणपत्र प्रोसेस झालं' असा ईमेल येतो. आजोबा, बाबा आणि मी यांचे कर तीन वेगवेगळ्या पद्धतींनी ठरले. आजोबांचा आकडा अधिकाऱ्यानं ठरवला, बाबांचा बाबांनी आणि माझा माझ्या कंपनीनं.

सरकार माणसाला स्वतःचा कर स्वतः मोजू का देतं? विश्वास म्हणून, असं उत्तर सहज सुचतं. पण ज्या देशात मी तेव्हा राहत होतो, तिथल्या १९४७ ते १९५० या तीन वर्षांचा इतिहास वाचला तेव्हा हे उत्तर फार अपुरं वाटायला लागलं.

जमीन दिसते, उत्पन्न दिसत नाही

सरकारनं कर ठरवायचा, ही मुळात जमिनीला शोभणारी पद्धत आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२०च्या दशकात दख्खनमध्ये पाहणी सुरू केली. प्रत्येक प्रकारच्या जमिनीतून खर्च वजा जाता निव्वळ किती उरतं, हे त्याला काढायचं होतं. म्हणजे खरं तर तो उत्पन्न मोजायला गेला होता. आकारणी इतकी जड आणि चुकीची झाली की लोक गावं सोडून जाऊ लागले. मग १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पद्धत बसवली. शेतकऱ्याला काय उरतं हे त्यांनी विचारलंच नाही. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीची प्रत आण्यांमध्ये ठरवायची आणि तो दर तीस वर्षं बदलायचा नाही. ही पद्धत टिकली, कारण माती कोणालाही खणून पाहता येते आणि ती रातोरात दुसरीकडे जात नाही.

जपाननंही १८७३ मध्ये जमिनीची किंमत ठरवून तिच्या तीन टक्के एवढा रोख कर बसवला. पण १८८७ मध्ये तिथे आयकर आला आणि अडचण सुरू झाली. उत्पन्न दिसत नाही. दुकानात ढीगभर माल असतो, पण तो उधारीवर आणलेला आहे की रोखीनं, हे बाहेरून कळत नाही. म्हणून जपाननं मधला मार्ग काढला. श्रीमंत करदात्यांनी आपल्या उत्पन्नाची माहिती द्यायची आणि करदात्यांमधूनच निवडून आलेल्या स्थानिक चौकशी समितीनं ती तपासायची. समितीच्या ठरावावरून सरकारी अधिकारी आकडा पक्का करायचा. शेवटचा शब्द सरकारचा असला तरी त्या शब्दामागे गावातल्या चार जाणत्या व्यापाऱ्यांचं मत असायचं. अमक्याचं दुकान कसं चालतं हे त्यांना बसल्या जागी माहीत होतं.

करदाते मूठभर होते तोवर हे जमलं. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कर भरणाऱ्यांची संख्या भराभर वाढली. त्यातल्या पगारदारांसाठी १९४० मध्ये पगारातूनच कर कापायची सोय झाली. आपण जिला टीडीएस म्हणतो तीच ही. प्रश्न उरला तो छोट्या दुकानदारांचा, कारागिरांचा आणि शेतकऱ्यांचा. प्रत्येकाची चौकशी करून आकडा ठरवायचा तर तेवढे अधिकारी आणायचे कुठून?

१९४७ : आकडा तुम्हीच लिहा

युद्ध हरल्यावर जपान अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होता. अमेरिकेत करदात्यानं स्वतः विवरणपत्र भरायची रीत होती आणि लोकशाहीत नागरिकानं आपला कर आपणच मोजावा हे तत्त्वही नव्या राज्यघटनेच्या त्या दिवसांत आकर्षक वाटत होतं. १९४७ मध्ये आयकराचा कायदा नव्यानं लिहिला गेला. चौकशी समित्या बंद झाल्या. करदात्यानं स्वतः उत्पन्न लिहायचं, कर काढायचा आणि भरायचा. त्यात चूक वाटली किंवा माणसानं विवरणपत्र दिलंच नाही, तरच कर कार्यालयानं आकडा बदलायचा किंवा ठरवायचा.

कागदावर हे नेटकं होतं, पण त्यात एक कलम प्राणघातक निघालं. आधी कर गेल्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरायचा. आता चालू वर्षाच्या उत्पन्नावर ठरणार होता. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला अंदाज लिहायचा, त्यावर हप्ते भरायचे आणि वर्ष संपल्यावर अंतिम हिशोब द्यायचा. आणि हे कधी, तर भाव महिन्यामहिन्याला चढत होते तेव्हा! तांदूळ, कापड, साबण यांचा बराच व्यवहार काळ्या बाजारात होत होता. अशा वर्षात आपलं उत्पन्न किती होणार हे प्रामाणिक माणसालाही सांगता येणार नाही. शिवाय बहुतेक छोट्या दुकानांत हिशोबाच्या वह्याच नव्हत्या. इतकी वर्षं आकडा दुसरंच कोणी ठरवत असेल, तर दुकानदारानं वही कशाला लिहावी?

विवरणपत्रं कमी आकड्यांची आली. सरकारला मात्र पैसे हवे होते. महागाई आवरायची तर अंदाजपत्रकातली तूट भरणं भाग होतं आणि अमेरिकी लष्कराचा वसुलीसाठी दबाव होता. मग प्रत्येक कर कार्यालयाला वसुलीचं लक्ष्य ठरवून देण्यात आलं. आमच्या भाषेत, टार्गेट.

टार्गेटचं गणित

टार्गेटनं काय होतं, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. आकडे माझे आहेत आणि सोपेपणासाठी कराचा दर सरसकट वीस टक्के धरला आहे. प्रत्यक्षात तो चढता होता.

एका कर कार्यालयाच्या हद्दीत हजार दुकानदार आहेत. प्रत्येकाचं खरं उत्पन्न १,२०,००० येन. त्यातल्या पाचशे जणांनी ते खरं लिहिलं. उरलेल्या पाचशे जणांनी निम्मं, म्हणजे ६०,००० लिहिलं. एकूण जाहीर उत्पन्न झालं नऊ कोटी आणि त्यावर कर १ कोटी ८० लाख. कार्यालयाला टार्गेट आहे २ कोटी ७० लाखांचं.

आता कार्यालयानं काय करावं? योग्य मार्ग म्हणजे कोण खोटं बोलतंय ते शोधणं. त्यासाठी प्रत्येक दुकानात जायला हवं, माल मोजायला हवा, वह्या पाहायला हव्यात. पण नुकतेच भरती झालेले मूठभर कर्मचारी हातात आणि वर्षअखेर तोंडावर आलेली. शिवाय वह्याच नाहीत. मग सोपा मार्ग उरतो. दीडपट टार्गेट आहे, तर सगळ्यांचे आकडे दीडपट करा.

खरं लिहिणाऱ्याच्या १,२०,००० चे झाले १,८०,०००. न कमावलेल्या साठ हजारांवर त्याला कर बसला. निम्मं लिहिणाऱ्याच्या ६०,००० चे झाले ९०,०००. वाढ होऊनही तो खऱ्या आकड्याच्या खालीच राहिला. कार्यालयाचं टार्गेट येनाला येन जुळलं. वरच्या साहेबाला वाटलं, यंत्रणा उत्तम चालली आहे.

पुढच्या वर्षी ते पाचशे प्रामाणिक लोक काय लिहितील? तेही ६०,०००च लिहितील. आता जाहीर उत्पन्न सहा कोटी आणि कर १ कोटी २० लाख. टार्गेट तेवढंच राहिलं, तर सव्वादोन पटीनं गुणावं लागणार. या वर्षी एखाद्यानं चुकून खरं लिहिलं, तर त्याचं उत्पन्न २,७०,००० धरलं जाईल.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. कामाला पाच दिवस लागतील असं तुम्ही सांगता. मॅनेजर म्हणतो, तीनमध्ये कर. पुढच्या वेळी तुम्ही आठ सांगता. तुम्ही फुगवता हे मॅनेजरला माहीत असतं, म्हणून तो निम्मे करतो. काही महिन्यांनी तुमच्या आकड्याचा कामाशी संबंध राहत नाही. तो घासाघिशीतला पहिला भाव होऊन बसतो. आणि खरा आकडा सांगणारा नवा मुलगा आठवडाभर रात्री ऑफिसात सापडतो.

जपानमध्ये नेमकं हेच झालं. नावाला स्वयं-आकारणी होती, पण कर कार्यालयं प्रचंड संख्येनं आकडे बदलत होती. त्यातले कितीतरी दुकानात पाऊलही न ठेवता, धंद्याच्या प्रकारावरून काढलेल्या ठोकताळ्यांनी बदललेले. लोकांच्या हरकतींचे ढीग लागले. ठिकठिकाणी करदात्यांचे मोर्चे कार्यालयांवर गेले. शेजाऱ्याची चुगली करणाऱ्याला बक्षीस देण्याचीही सोय त्या काळात झाली होती. जुन्या चौकशी समितीत निदान धंदा समजणारी माणसं होती. आता तीही नव्हती. दोन्ही पद्धतींतलं वाईट तेवढं एकत्र आलं होतं.

निळा कागद

मे १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक कार्ल शूप सहकाऱ्यांसह जपानमध्ये आले. त्यांच्या पथकात विल्यम विक्री हे तरुण अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांना पुढे १९९६ मध्ये नोबेल मिळालं. ही मंडळी टोकियोत बसून राहिली नाहीत. देशभर फिरली, कर कार्यालयांत गेली, दुकानदारांशी आणि शेतकऱ्यांशी बोलली. त्यांचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टअखेर सादर झाला.

शूप यांनी स्वयं-आकारणी रद्द करा असं सांगितलं नाही. ती अजून खऱ्या अर्थानं सुरूच झालेली नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. त्यांनी टार्गेट बंद करायला सांगितलं. आणि करदात्याला वही लिहावीशी वाटेल अशी एक योजना सुचवली. ती १९५० पासून अमलात आली. तिचं नाव आओइरो शिंकोकु, म्हणजे निळं विवरणपत्र.

योजना अशी. ज्याला कबूल असेल त्यानं कर कार्यालयाकडून परवानगी घ्यायची, ठरलेल्या पद्धतीनं रोजच्या हिशोबाच्या वह्या ठेवायच्या आणि निळ्या रंगाच्या कागदावर विवरणपत्र भरायचं. इतरांनी नेहमीच्या पांढऱ्या कागदावर. निळा कागद भरणाऱ्याला काही सवलती मिळायच्या. उदाहरणार्थ, यंदाचा तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता यायचा. पण खरी गोष्ट सवलतींची नव्हतीच. निळ्या कागदाला सरकारनं दोन वचनं दिली होती. तुझ्या वह्या तपासल्याशिवाय आम्ही तुझा आकडा बदलणार नाही. आणि बदलला, तर का बदलला हे लेखी देऊ.

ही दोन वाक्यं वरच्या गणितात ठेवून पाहा. आता सगळ्यांचे आकडे दीडपट करता येत नाहीत. निळ्या कागदाचा आकडा हलवायचा तर अधिकाऱ्याला दुकानात जाऊन वही उघडावी लागेल आणि कोणती नोंद चुकीची आहे ते दाखवावं लागेल. खरा आकडा लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच संरक्षण मिळालं. खोटा लिहिणाऱ्याला पांढऱ्या कागदावर राहावं लागेल, म्हणजे ठोकताळ्यांच्या तावडीत. किंवा खोटी वही लिहावी लागेल, आणि रोजच्या शेकडो नोंदी एकमेकींशी जुळतील अशी खोटी वही लिहिणं एक खोटा आकडा लिहिण्यापेक्षा फार कष्टाचं असतं.

बाबांचा प्रश्न मला इथे पुन्हा आठवतो. स्वयं-आकारणीत सरकार करदात्यावर विश्वास ठेवतं हे अर्धंच खरं आहे. पहिला आकडा लिहायचं काम सरकार त्याच्यावर ढकलतं, कारण उत्पन्नाची माहिती त्याच्यापाशी आहे आणि लाखो लोकांची माहिती गोळा करणं सरकारला परवडत नाही. त्याच्या बदल्यात दुसरा आकडा लिहिण्याची स्वतःची मोकळीक सरकारनं आखडती घ्यायला हवी. जपाननं १९४७ मध्ये काम ढकललं, पण मोकळीक तशीच ठेवली. १९५० मध्ये ती आखडली. त्यानंतरही एका रात्रीत सगळे प्रामाणिक झाले नाहीत आणि निळा कागद हळूहळूच पसरला. पण तो आजही आहे. टोकियोतला माझ्या ओळखीचा एक फ्रीलान्स प्रोग्रॅमर दर मार्चमध्ये 'आओइरो' भरतो. ऑनलाइन भरत असल्यामुळे त्याच्या स्क्रीनवर निळं काहीच नसतं.

ज्यांनी कधीच आकडा लिहिला नाही

या व्यवस्थेत माझ्यासारख्या पगारदाराचं काय? त्याच्या उत्पन्नाची माहिती आधीच तिसऱ्याकडे, म्हणजे कंपनीकडे असते. त्यामुळे त्याला आकडा लिहायला सांगायची गरजच उरत नाही. कंपनी कर कापते आणि डिसेंबरमध्ये ताळमेळ घालते. बहुसंख्य जपानी पगारदारांना एरवी विवरणपत्र भरावं लागत नाही. सोय मोठी आहे, आणि तिची किंमतही आहे.

जपानीत 'कु-रो-यो' म्हणजे नऊ, सहा आणि चार यांवरून बनलेला 'कुरोयोन' असा एक शब्द आहे. पगारदाराच्या उत्पन्नातलं नव्वद टक्के कर खात्याला दिसतं, धंदेवाल्याचं साठ आणि शेतकऱ्याचं चाळीस, असा त्याचा अर्थ. ही मोजमाप करून काढलेली टक्केवारी नाही. ती पगारदारांची तक्रार आहे. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठातले प्राध्यापक ओशिमा ती तक्रार घेऊन कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा साधा होता. दुकानदाराला प्रत्यक्ष झालेला खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. मला मात्र पुस्तकांवर कितीही खर्च झाला तरी सरकारनं ठरवलेली ठोक वजावटच का? १९६४च्या उत्पन्नावरच्या कराचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात १९८५ साली संपला. ओशिमा यांच्या बाजूनं निकाल लागला नाही आणि तो ऐकायला ते स्वतः हयातही नव्हते. पण दोनच वर्षांनी कायदा बदलून पगारदारांना ठरावीक खर्च ठोक वजावटीच्या पलीकडे गेले तर विवरणपत्र भरून मागण्याची वाट मिळाली. पहिला आकडा लिहिण्याचा हक्क हा ओझ्यासारखा दिसतो. तो नसतो तेव्हा त्यात काय होतं ते कळतं.

चोपड्या

भारतात हा बदल इतका नाट्यमय झाला नाही. १९६१च्या आयकर कायद्यात १९६४ पासून कलम १४० अ आलं. विवरणपत्राप्रमाणे निघणारा कर आधी स्वतःच भरा, असं त्यात सांगितलं होतं. पण विवरणपत्र आलं की अधिकाऱ्यानं त्यावर आकारणीचा आदेश काढायचा, ही रीत त्यानंतरही बरीच वर्षं राहिली. छोट्या प्रकरणांत तो करदात्याला न बोलावता निघू लागला, एवढंच. १ एप्रिल १९८९ पासून कलम १४३(१) बदललं. विवरणपत्रात उघड चूक नसेल तर वेगळा आदेश न काढताच ते स्वीकारायचं आणि तपासणीसाठी मोजकीच प्रकरणं निवडायची, ही व्यवस्था आली. आजोबांच्या 'असेसमेंटच्या' वाऱ्या थांबल्या त्या यामुळे.

आता वारं पुन्हा थोडं फिरलं आहे. बँक व्याज, शेअर, म्युच्युअल फंड यांची माहिती आयकर खात्याकडे थेट जाते आणि विवरणपत्र उघडलं की त्यात बरेच आकडे आधीच भरलेले असतात. पहिला आकडा पुन्हा सरकार लिहायला लागलं आहे. माझ्यासारख्यासाठी हे बरंच आहे. पण बाबांच्या दुकानातला रोजचा गल्ला त्या यादीत येत नाही, आणि जे यादीत येतं तेही चुकीचं असू शकतं. गेल्या वर्षी माझ्या यादीत एक व्याजाची रक्कम दोनदा आली होती. ती चूक आहे हे मला कळलं, कारण त्या वर्षी मी बाबांच्या आग्रहावरून स्वतःचा एक साधा स्प्रेडशीट ठेवला होता. तो नसता तर मी पुढचं बटण दाबलं असतं आणि दुप्पट व्याजावर कर भरला असता.

सांगलीला गेलो होतो तेव्हा माळ्यावरून आजोबांच्या चोपड्या खाली काढल्या. लाल कापडाचं बांधणं अजून शाबूत आहे. आत मोडीसारख्या वळणाच्या देवनागरीत रोजची जमा आणि रोजचा खर्च लिहिलेला. बाबा म्हणाले, "साहेब कधीकधी आकडा वाढवायचा. पण वही समोर ठेवली की त्याला नोंदीवर बोट ठेवून बोलावं लागायचं."

त्यांना मी निळ्या कागदाची गोष्ट सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि चोपड्या पुन्हा बांधायला घेतल्या.